वर्ग किती वेळ घुमतो? फुगा फोडून काढलेलं उत्तर

आमचे नववीचे वर्ग जुन्या कौलारू इमारतीतून नव्या स्लॅबच्या इमारतीत हलले आणि महिनाभरात मराठीच्या मॅडमचा घसा बसला. "सर, या खोलीत माझंच वाक्य माझ्या अंगावर येतं," त्या म्हणाल्या. खोली घुमते हे आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होतं. किती घुमते, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं.

त्याच आठवड्यात ध्वनीचा धडा चालू होता. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत निदान सतरा मीटरवर हवी, हे फळ्यावर लिहून झालं तोच मधल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आपला वर्ग तर सात मीटरचा आहे, मग हे काय घुमतंय?" प्रश्न चोख होता. वर्गात प्रतिध्वनी नसतो, निनाद असतो. आवाज भिंतींवर इतक्या वेळा आणि इतक्या पटापट आपटतो की परावर्तनं सुटी ऐकू येत नाहीत, त्यांची एकच शेपटी होते. ही शेपटी ६० डेसिबलने, म्हणजे डीबीने, खाली यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. तोच मोजायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न सोपा होता. शाळा सुटल्यावर पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, फोनचा रेकॉर्डर चालू केला आणि टाळी वाजवली. फाइल ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून उभी पट्टी डीबीत घेतली. या पट्टीवर शून्य म्हणजे टिपता येणारा सगळ्यात मोठा आवाज, त्याहून हळू ते सगळं उणे. उत्तर आलं अर्ध्या सेकंदाहूनही कमी! माझे कान तर साफ वेगळं सांगत होते. मग शेपटीकडे नीट पाहिलं. ती थोडी उतरली होती आणि मग कड्यावरून पडावी तशी थेट तळाला गेली होती. खऱ्या खोलीत अशी ठार शांतता कधीच नसते, उतार हळूहळू खोलीत कायम असणाऱ्या बारीक खुरखुरीत मिसळतो. फोनच्या रेकॉर्डरने मंद होत जाणारी शेपटी 'गोंगाट' समजून कापून टाकली होती. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून त्यात ही सोय असते, आमच्या मोजणीचा तिने बळी घेतला. गोंगाट कमी करणं आणि आवाजाची पातळी आपोआप जुळवणं, दोन्ही बंद करता येणारं रेकॉर्डिंग ॲप घेतलं आणि फाइल WAV मध्ये साठवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळी. आता उत्तर २.४ सेकंद. ही चूक उलट्या दिशेची होती आणि ओळखायला जास्त अवघड. टाळीचं शिखर पट्टीवर उणे २२ ला होतं, खोलीची खुरखूर उणे ५५ ला. सरळ उतार उणे ३२ पासून सुरू होत होता, म्हणजे वीस डीबींचा वेळ मोजून साठसाठी तिप्पट करायचा तरी उणे ५२ पर्यंत जावं लागत होतं. तिथे शेपटी खुरखुरीत बुडायला लागलेली होती, रेघ आडवी होत होती आणि वेळ उगाच लांबत होता. मोजणीचा खालचा टप्पा खुरखुरीच्या निदान दहा डीबी वर असावा लागतो. माझ्या टाळीत तेवढा दम नव्हता. शिवाय टाळीत खर्ज जवळजवळ नसतो आणि दर वेळी ती वेगळी वाजते.

म्हणून फुगे आणले. पहिला फोनपासून हातभर अंतरावर फोडला, तर शिखर वरून कापलं गेलं, माथा सपाट. मग फोन चार मीटर लांब, बाकावरच्या मुलाच्या कानाच्या उंचीला आणि भिंतीपासून मीटरभर आत ठेवला. शिखर उणे ३ ला आलं, खुरखूर तिथेच उणे ५५ ला. पन्नासेक डीबीचं मोकळं रान मिळालं.

आता वाचन. शिखरापासून मोजायला सुरुवात करायची नाही, हे मी अडखळत शिकलो. सुरुवातीचा झपकन होणारा उतार फुग्यातून थेट आलेल्या आवाजाचा असतो, खोलीचा नव्हे. त्यानंतरची सरळ रेघ शोधायची. आमची रेघ उणे १५ पासून उणे ३५ पर्यंत जवळजवळ पट्टीने आखल्यासारखी होती आणि त्या वीस डीबींना ०.६३ सेकंद लागले. साठला तिप्पट, म्हणजे १.८९. साठ डीबी प्रत्यक्षात उतरलेले दिसायची गरजच नसते, रेघ सरळ असली की पुरे. फुगा दोन जागी, फोन तीन जागी, असे सहा स्फोट केले. उत्तरं १.८३ ते १.९६ च्या दरम्यान आली, सरासरी १.९. दोन उघड्या भिंतींच्या बरोबर मध्ये फोडलेल्या फुग्याची रेघ मात्र खाचखळग्यांची निघाली आणि कानाला 'झर्रर्र' असं पत्र्यासारखं ऐकू आलं. समोरासमोरच्या भिंतींमधली ती टोलवाटोलवी. ते वाचन सोडून दिलं, जागा बदलून पुन्हा घेतलं.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिनने १८९५ पासून हेच काम ऑर्गनची नळी, घड्याळ आणि स्वतःचे कान यांच्यावर केलं, तेही रात्री, शहर शांत झाल्यावर. खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन तो फरक मोजायचा. त्याचं सूत्र असं:

T = 0.161 × V / A

V म्हणजे खोलीचं घनफळ आणि A म्हणजे शोषण, चौरस मीटरमध्ये. हे शोषण त्याने उघड्या खिडकीच्या भाषेत मांडलं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण. मला ही कल्पना फार आवडली, कारण खिडक्या आमच्याकडे होत्या, महागडे फोम नव्हते.

आमचा वर्ग ७.२ गुणिले ६ गुणिले ३.२ मीटर, म्हणजे १३८ घनमीटर. १.९ सेकंदांवरून शोषण निघालं ११.७ चौरस मीटर. तीन खिडक्या, प्रत्येकी १.२ मीटर लांबरुंद, सगळ्या उघडल्या की ४.३ ची भर. एकूण १६, म्हणजे निनादकाळ १.३९ यायला हवा. मुलांना हा आकडा आधी वहीत लिहायला लावला आणि मगच फुगे फोडले. आलं १.४५. वर्गात आरडाओरडा झाला, तो मी थांबवला नाही. गज, चौकट आणि समोरची कंपाउंडची भिंत थोडा आवाज परत पाठवत असणार. खिडक्या उघडल्यामुळे खुरखूर उणे ४५ पर्यंत वर आली, म्हणजे आमच्या दहा डीबींच्या मर्यादेत अगदी काठावर.

शेवटचं मोजमाप खिडक्या उघड्याच ठेवून, अडतीस मुलं बसवून. फुग्याच्या आधी श्वास रोखून गप्प आणि नंतर हसू नका, एवढीच अट. तीन फुगे हसण्यात वाया गेले, चौथ्याला ०.८५ मिळालं. गणित केलं तर एका मुलामागे शोषण पाव चौरस मीटरहून थोडं जास्त पडलं. म्हणजे सगळ्यात चांगला शोषक रोज गणवेशात येऊन बसतो.

अमेरिकेतल्या शाळांच्या मानकात एवढ्या आकाराच्या रिकाम्या वर्गाला ०.६ सेकंदांची मर्यादा आहे. तिथवर पोचायला शोषण ३७ हवं, म्हणजे खिडक्या लावलेल्या असताना आणखी पंचवीस चौरस मीटर. मुख्याध्यापकांना कागद दाखवला. ते म्हणाले, "पंचवीस चौरस मीटर काय लावायचं, ते सांगा." पातळ पडद्याने हे होणार नाही. छताखाली जाड सच्छिद्र फळ्या लागतील, त्याचे भाव मागवले आहेत. तोवर मॅडम खिडक्या उघड्या ठेवून शिकवतात आणि बाहेरून रिक्षा गेली की वाक्य अर्ध्यावर थांबवतात.