वर गेलेला व्हिडिओ

"अगं, ताईचा व्हिडिओ वर गेला," आई फोनवर म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. मोठी मावशी 78 वर्षांची. तिच्या नावापाठोपाठ 'वर गेला' हे शब्द ऐकायला आमच्या घरात कोणी तयार नसतं. मग उलगडा झाला की मावशी ठणठणीत आहे, वर गेलाय तो फक्त व्हिडिओ. म्हणजे 'माहेर' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आला, त्याच्याखाली दोन दिवसांचे सुप्रभात, एक वाढदिवस आणि कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन येऊन बसलं, आणि आता आईला बोटानं ओढत ओढत तिथपर्यंत जावं लागत होतं.

व्हिडिओ होता सत्तेचाळीस सेकंदांचा. भाचीच्या लग्नात सगळ्यांनी मावशीला उखाण्याचा आग्रह केला. ती म्हणाली, "पन्नास वर्षं मीच घेतेय नाव, आज ह्यांना घ्यायला लावा." आणि काकांनी खरंच घेतलं, तेही यमक जुळवून. पहिली दहा सेकंदं नुसती कोणाची तरी पाठ दिसते, पण पुढचं सगळं सोनं आहे. आईला तो गॅलरीत हवा होता. शेजारणीला दाखवायचा तर आधी ग्रुप उघडा, मग ओढा, मग सापडेपर्यंत शेजारणीचा चहा निवतो.

मी पुण्यात, आई-अप्पा मिरजेत. सांगणं सगळं फोनवरून. पहिला नियम मी अनुभवातून शिकले आहे: ज्या फोनवर काम करायचं त्याच फोनवरून बोलायचं नाही. आई फोन कानाला लावते, पडदा काळा होतो, आणि ती म्हणते, "बंद पडला." तेव्हा बोलायचं अप्पांच्या फोनवरून, स्पीकर लावून, आणि आईचा फोन टेबलावर. व्हिडिओ कॉल करून तिचा पडदा मला दिसेल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, तेही सुचवून पाहिलं. अप्पा म्हणाले, "बँकेनं सांगितलंय, पडदा कोणाला दाखवायचा नाही." मी त्यांची सख्खी मुलगी आहे हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला नाही. पण ज्या वयात लोकांची खाती अशीच रिकामी होतात, त्या वयात त्यांना हे पाठ आहे याचं मला बरंच वाटलं.

"व्हिडिओच्या शेजारी बाण आहे का?" मी विचारलं. ही माझी चूक. बाण दोन असतात. न उतरवलेल्या व्हिडिओवर खाली तोंड केलेला एक बाण असतो, त्याच्याजवळ किती एमबी ते लिहिलेलं असतं. तो दाबला की व्हिडिओ फोनमध्ये उतरतो. आईनं हा व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला होता, म्हणजे तो कधीच उतरला होता आणि तो बाण केव्हाच नाहीसा झाला होता. उरला होता शेजारचा वळलेला बाण, पुढे पाठवायचा. आईनं तो दाबला. समोर नावांची यादी आली. "आता?" "आता काही दाबू नकोस." पण तोवर मावशी आणि काका आमच्या सोसायटीच्या 'मेंटेनन्स' ग्रुपवर पोचले होते.

"डिलीट फॉर एव्हरीवन कर," मी म्हणाले. तेवढ्यात तिथं तीन हसरे चेहरे आणि एक 'वा वा' येऊन पडलं होतं. आई म्हणाली, "राहू दे आता, लोकांना आवडलंय."

पुन्हा सुरुवात. आता मी बाण हा शब्दच टाकून दिला. "वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का, एकाखाली एक?" दिसली. दाबली. "काय काय आलं वाच." आईनं वाचायला सुरुवात केली आणि 'Group info' कानावर आलं तसं मी ओरडले, "थांब, थांब, परत ये!" कारण ही ती टिंबं नव्हेत. या सगळ्या प्रकरणातली मेख हीच आहे आणि मला ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजली. आपण 'तीन टिंबं' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एकच जागा असते. पण ग्रुप उघडा असताना जी टिंबं दिसतात ती ग्रुपची, आणि व्हिडिओवर बोट ठेवून तो पडदाभर उघडल्यावर त्याच कोपऱ्यात जी दिसतात ती व्हिडिओची. दिसायला सारखी, आतली यादी वेगळी. ग्रुपच्या टिंबांत 'More' दाबलं की आत 'Clear chat' बसलेलं असतं. मोठ्या मावशीसकट अख्खं माहेर धुऊन टाकायची सोय ती.

अप्पा डायरीत उतरवून घेत होते. एसटीत चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, अक्षर अजून वळणदार. त्यांनी लिहिलं: 'आधी व्हिडिओ उघडणे. तो चालू झाला की एकदा मध्ये बोट लावणे, म्हणजे वरची पट्टी दिसते. मग टिंबे.' हे मधलं वाक्य मी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओ चालू झाला की वरची पट्टी आपोआप गडप होते आणि टिंबं शोधणारा माणूस बावचळतो, हे त्यांनी शेजारी बसून पाहिलं होतं. पुण्यात बसून ते मला दिसणं शक्य नव्हतं.

व्हिडिओच्या टिंबांत 'Save' होतं. आईनं दाबलं. काहीच झालं नाही, म्हणजे खाली क्षणभर एक ओळ चमकून गेली, पण चष्मा नाकावर येईपर्यंत ती गेली होती. आईनं आणखी दोनदा दाबून घेतलं, खात्रीसाठी.

एवढ्यावर खरं तर प्रश्न पडायला हवा होता की 'Save' करावंच का लागतंय. साधारणपणे अँड्रॉइड फोनवर उतरवलेला व्हिडिओ आपणहून गॅलरीत दिसतो. आईच्या फोनवर का दिसत नव्हता? त्याचा गुन्हेगार सापडला, ती मीच. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईच्या गॅलरीत नातवाच्या फोटोंमध्ये पाचशे पणत्या आणि शुभेच्छा घुसल्या होत्या, तेव्हा मी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'Chats'मध्ये जाऊन 'Media visibility' बंद करून ठेवलं होतं. आणि विसरले होते. ते बटण बंद असलं की फोटो, व्हिडिओ फोनमध्ये उतरतात, चॅटमध्ये दिसतात, पण गॅलरीला त्यांचा पत्ता लागत नाही.

सगळीकडे पुन्हा चालू केलं तर पणत्या परत येणार. त्यासाठी एक बारीक सोय आहे: ग्रुप उघडून वरच्या नावावर बोट ठेवलं की त्या एका ग्रुपपुरतं 'Media visibility' वेगळं ठरवता येतं. 'माहेर'साठी आम्ही 'Yes' केलं, बाकी सगळं जैसे थे. फक्त हे पुढच्यासाठीच. आधी आलेल्या गोष्टी त्यानं गॅलरीत येत नाहीत, म्हणून मावशीसाठी 'Save'चा द्राविडी प्राणायाम.

"गॅलरी उघडली. नाहीये," आई म्हणाली. ती पहिल्याच पानावर पाहत होती. मी म्हटलं, खाली 'Albums' आहे, त्यात 'WhatsApp Video' नावाचा कप्पा असेल. होता. त्यात मावशी होती. आईनं तिथल्या तिथं व्हिडिओ लावला आणि सत्तेचाळीस सेकंद माझ्याशी कोणी बोललं नाही.

मग तिनं तो प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती होती. "आता ग्रुपवरचा काढून टाकू? इथं आहे ना." मी म्हटलं, हात लावू नकोस. पण का, ते सांगता येईना. शेवटी प्रयोग केला. 'माहेर'वर त्याच संध्याकाळी कोणीतरी फुलांचा एक हलता व्हिडिओ टाकला होता, तो आता आपणहून गॅलरीत आला होता. मी म्हटलं, हा गॅलरीतून काढ. काढला. आता ग्रुपवर जा आणि तोच लावून बघ. तिथं फुलं धुरकट झाली होती आणि लागायला तयार नव्हती. "अगोबाई! मी इथला काढला तर तिथला कसा गेला?"

कारण तो एकच आहे. व्हॉट्सॲप व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवतं आणि गॅलरी त्याच फोल्डरमध्ये डोकावते. उलट बाजूनंही तेच: चॅटमधला संदेश पुसताना खाली एक बारीक चौकट असते, मीडियाही फोनमधून काढायचा का ते विचारणारी, आणि तिच्यात खूण असली तर गॅलरीतूनही जातो. आई थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे फ्रीज एकच. मी स्वयंपाकघरातून उघडला काय किंवा ह्यांनी रात्री चोरून उघडला काय, श्रीखंड एकच संपणार." अप्पा डायरीत काही लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मग तिच्या वाटणीचं वेगळं श्रीखंड काढून ठेवलं. गॅलरीत व्हिडिओवर बोट दाबून धरायचं, यादीतून दुसऱ्या अल्बममध्ये 'Copy' करायचं. शेजारीच 'Move' असतं, ते घेतलं तर वस्तू नुसती जागा बदलते आणि चॅटला सापडत नाही. नवीन अल्बमला नाव द्यायचं होतं. आईनं 'ताई' टाइप केलं. आता मूळ ग्रुप साफ झाला तरी 'ताई' जागेवर. फोनच पडला-हरवला तर मात्र दोन्ही जातील, त्याचं पेन ड्राइव्हवर घेण्याचं काम मी दिवाळीच्या फेरीसाठी राखून ठेवलं आहे.

जाता जाता अप्पांनी स्वतःचं घोडं पुढे दामटलं. त्यांनाही एक कीर्तन सेव्ह करायचं होतं. डायरीप्रमाणे केलं, 'Save' कुठेच नाही. वाचून दाखवलं तेव्हा कळलं की ती यूट्यूबची लिंक होती. चित्र दिसतं, मध्ये त्रिकोण दिसतो, पण व्हिडिओ आलेलाच नसतो, आलेला असतो नुसता पत्ता. अप्पांनी लिहून घेतलं: 'निळी अक्षरे असल्यास नाद सोडणे.'

चार दिवसांनी आईचा फोन आला. चुकून गेलेल्या उखाण्याला उत्तर म्हणून सोसायटीच्या 'मेंटेनन्स' ग्रुपवर चार बायकांनी आपापले उखाणे चित्रित करून टाकले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर लिफ्टच्या बिलावर जुळवला होता. आईला ते चारही हवे होते.

"त्या ग्रुपचं बंद असेल," मी म्हटलं. "नावावर बोट ठेव, मी सांगते."

"केलं मी 'येस'. चौघींना परत टाकायला लावले, आले गॅलरीत." मागून अप्पांचा आवाज आला, "तिला सांग, गॅलरीत आता टाकी धुतल्याचे अठरा फोटोही आलेत."