‘राष्ट्रीय’ छापलेलं प्रमाणपत्र कोट्यात का चालत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून: “मुलीचं कबड्डीचं प्रमाणपत्र खरं आहे, ती खेळली आहे, त्यावर ‘राष्ट्रीय’ असं छापलंय. मग अकरावीच्या क्रीडा कोट्यात ते नाकारतात कसं?”

पडताळणीत दोन वेगळे प्रश्न तपासले जातात. कागद खरा आहे का, हा पहिला. ती स्पर्धा कोणत्या पातळीची होती, हा दुसरा. बहुतेक पालकांची सगळी धडपड पहिल्या प्रश्नासाठी असते, आणि अर्ज अडकतो दुसऱ्यावर. पातळी बॅनरवरच्या शब्दावरून ठरत नाही. खेळाडूला तिथे कोणी निवडून पाठवलं आणि त्याआधी ती कोणत्या पायऱ्या चढून आली, यावरून ठरते.

एक नमुना घेऊ. नागपूर शहरातली मुलगी, जन्म 8 मार्च 2008, दहावी 2023-24 मध्ये. तिच्याकडे त्या वर्षीची 17 वर्षांखालील कबड्डीची दोन प्रमाणपत्रं आहेत. एक ‘राष्ट्रीय, सुवर्णपदक’, संघ महाराष्ट्र, देणारी एक खासगी फेडरेशन. दुसरं राज्यस्तरीय शालेय स्पर्धेतल्या सहभागाचं. घरात पहिलं फ्रेम करून लावलेलं असतं, दुसरं फाइलमध्ये.

आधी दुसरं तपासू. शालेय स्पर्धांमध्ये महापालिका क्षेत्राला स्वतंत्र जिल्ह्यासारखं धरतात. नागपूर महापालिकेत पहिली आलेली शाळा विभागीय स्पर्धेत जाते. तिथे वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे विजेते असतात. विभाग जिंकणारी शाळा राज्याला जाते आणि तिथे आठ विभागांचे संघ भिडतात. म्हणजे राज्याचं प्रमाणपत्र खरं असेल, तर त्याच शाळेचं नाव विभागाच्या निकालात विजेती म्हणून आणि महापालिकेच्या निकालातही सापडलं पाहिजे. मधली एक पायरी नसली की तपासणारा तिथेच थांबतो. मग संघाची प्रवेशिका काढतात. कबड्डीत मैदानात सात उतरतात, पण यादीत बारांपर्यंत नावं असतात. त्यात मुलीचं नाव, जन्मतारीख आणि शाळा जुळवतात. वयोगटाचा हिशेब सोपा आहे: 2023-24 मध्ये 17 वर्षांखालील गटासाठी जन्म 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतरचा हवा. ही मुलगी बसते. तिचं हे साधं दिसणारं प्रमाणपत्र टिकतं.

आता फ्रेममधलं. कबड्डीत नागपूरचा खेळाडू संघटनेच्या मार्गाने राष्ट्रीय स्पर्धेला गेला, तर तो ‘विदर्भ’ संघातून जातो, कारण विदर्भाची राज्य संघटना वेगळी आहे. खो-खोत आणि क्रिकेटमध्येही तसंच. शालेय मार्गाने गेला, तर मात्र तो ‘महाराष्ट्र’ संघात असतो आणि प्रमाणपत्र स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाचं असतं. त्यामुळे नागपूरच्या मुलीच्या हातात संघटनेचं म्हणवणारं प्रमाणपत्र आणि त्यावर संघ ‘महाराष्ट्र’ असं दिसलं की पुढचे प्रश्न येतातच: निवड चाचणी कुठे झाली, निवडीचं पत्र कोणी दिलं, ही फेडरेशन त्या खेळाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनेशी संलग्न आहे का? अशा स्पर्धांत प्रवेश शुल्क भरलं की संघ घेतात आणि एकाच गटात ‘महाराष्ट्र’ नावाचे दोन-तीन संघ उतरतात. मुलगी खरंच खेळली, पदकही खरं. पण राज्याने तिला निवडलेलं नव्हतं, म्हणून ती पातळी राष्ट्रीय धरली जात नाही. मुलांवर हा फार मोठा अन्याय आहे आणि तो प्रवेश शुल्क घेणाऱ्यांनी केलेला आहे.

उलटी भीतीही पालकांना असते: ‘विदर्भ’ लिहिलंय, म्हणजे राज्याची पातळी धरणार नाहीत का? मान्यताप्राप्त संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेतला विदर्भ संघ हा राज्य संघाच्याच बरोबरीचा असतो. इथे घाबरू नका. राज्य संघटनेचं निवडपत्र आणि संघाची यादी मात्र जोडा.

कागद खरा असूनही परत येण्याची कारणं बहुधा क्षुल्लक असतात. प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि बोनाफाइडवर शेवटी, वडिलांचं नाव गाळलेलं, शाळा बदललेली पण जुन्या शाळेचं पत्र नाही. लॅमिनेशन करू नका. उठावाचा शिक्का आणि शाई बोटाने तपासता येत नाही. सही करणारा अधिकारी स्पर्धेच्या तारखेला त्या पदावर होता का, हेही पाहतात. त्यामुळे हरवलेल्या प्रमाणपत्राची नंतर काढलेली प्रत ‘दुय्यम प्रत’ अशी नोंद असलेलीच घ्या.

शंका आली की प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाकडे किंवा संघटनेकडे निकाल आणि यादी मागवतात, आणि उत्तर यायला दिवस लागतात. प्रवेशाची फेरी त्यासाठी थांबत नाही. म्हणून दहावीचा निकाल लागण्याआधीच मूळ प्रमाणपत्र, शाळेचं पत्र, तिन्ही पायऱ्यांचे निकाल आणि प्रवेशिकेची प्रत एकत्र करा, त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत कोणती पातळी आणि कोणता क्रमांक ग्राह्य आहे ते वाचा, आणि मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन तुमची स्पर्धा त्यांच्या नोंदीत आहे का, एवढं विचारून या.