दारालगतचे टेबल आणि दिव्याची जागा
आज म्हापशाच्या घरी दारालगतच्या अरुंद टेबलाची मांडणी केली. टेबल १२० सेंटिमीटर लांब असल्याने त्याच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ८० सेंटिमीटर रुंदीचा आरसा निवडला. पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या लेपात शिरून कडा काळ्या पडू नयेत, म्हणून त्यामागे रबराचे तुकडे लावून हवेला वाट ठेवली. दिवा मध्यभागी ठेवल्यास चेहरा पाहताना तो आड येतो आणि मागची वायर आरशात दिसते, म्हणून तो डाव्या कडेला, आरशाच्या चौकटीवर किंचित चढेल असा ठेवला. बल्ब मात्र शेडच्या वरच्या कडेपेक्षा बराच खाली असावा, अन्यथा उभ्या माणसाच्या डोळ्यांवर थेट उजेड येतो. उजवीकडे किल्ल्यांसाठी पितळी तबक आहे. आईच्या मते ते देवघरातच शोभले असते.