आमची वाटचाल: चवथीच्या तोंडावर बदललेला पत्ता

फोंड्यात मी आणि माझा मावसभाऊ मिळून किराणा-भुसारी दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करतो. सुरुवातीची वर्षं खिशात पेनड्राइव्ह घालून स्कूटरवर गेली. आज माशेल, उद्या डिचोली, परवा वाळपई. पावसाळ्यात वीज गेली की कुठल्यातरी दुकानाची डेटा फाइल बिघडायची आणि आम्ही रेनकोट चढवायचो. शेवटी कंटाळून सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमधल्या एका ईसीटू मशीनवर नेलं. मशीनला मिळालेला पब्लिक आयपी डोमेनच्या ए-रेकॉर्डमध्ये टाकला आणि दोन वर्षं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्या दोन वर्षांत मशीन कितीतरी वेळा रीबूट केलं होतं. पत्ता कधीच बदलला नाही, म्हणून तो आमचाच आहे अशी समजूत पक्की झाली. पण रीबूट वेगळं आणि स्टॉप करून पुन्हा स्टार्ट करणं वेगळं. आपोआप मिळालेला पब्लिक आयपी ॲमेझॉनच्या साठ्यातून उसना आलेला असतो. मशीन स्टॉप झालं की तो साठ्यात परत जातो आणि स्टार्ट करताना हाताला लागेल तो दुसरा मिळतो. मशीनला स्वतःला यातलं काही कळतही नाही. आत `ip addr` मारलं तर फक्त 172.31 ने सुरू होणारा खाजगी पत्ता दिसतो, आणि तो स्टॉप-स्टार्टनंतरही तोच राहतो. पब्लिक पत्त्याची जोडणी बाहेरच्या बाहेर होते.

चवथीला आठवडा होता. दुकानांतली गर्दी वाढणार म्हणून मशीन `t3.small` वरून `t3.medium` करायचं ठरवलं. प्रकार बदलायला मशीन स्टॉप करावंच लागतं. रात्री अकराला स्टॉप केलं, प्रकार बदलला, स्टार्ट केलं. मग कन्सोलमध्येच दिसणाऱ्या पब्लिक पत्त्यावर क्लिक करून तपासलं. ब्राउझरने सर्टिफिकेट जुळत नसल्याचा इशारा दिला, तो ओलांडून पुढे गेलो. लॉगिनचं पान दिसलं आणि आम्ही झोपायला गेलो. नावाने उघडून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण थेट पत्त्याने उघडल्यामुळे आम्ही डीएनएसला वळसाच घातला होता.

सकाळी पावणेनऊला माशेलहून फोन. "बाब, कितें जालें? बिल निघत नाही." दहा मिनिटांत आणखी सहा.

पहिला संशय मशीनवर गेला. नेहमीच्या शॉर्टकटने एसएसएच लागेना, कारण त्यातही जुनाच पत्ता होता. ब्राउझरमधल्या कन्सोलमधून आत शिरलो तर मशीन निवांत, आणि वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये सकाळपासून एकही ओळ नाही. विनंत्या येऊन फसत नव्हत्या, त्या दारापर्यंत पोहोचतच नव्हत्या. मग दोन ओळी चालवल्या, पहिली ऑफिसच्या संगणकावर, दुसरी सर्व्हरवर (नाव आणि आकडे इथे बदललेले आहेत):

```
$ dig +short bill.example.com
203.0.113.24
$ curl -s https://checkip.amazonaws.com
198.51.100.71
```

डीएनएस एक पत्ता सांगत होता आणि मशीन दुसऱ्याच पत्त्यावर बसलं होतं. ए-रेकॉर्ड दोन मिनिटांत बदलला, पण दुकानं काही सुरू होईनात. रेकॉर्डचा टीटीएल आम्हीच कधीतरी 86400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस ठेवला होता. दुकानाला नेट पुरवणाऱ्याच्या डीएनएस सर्व्हरने जुनं उत्तर ज्या क्षणी घेतलं, तिथून चोवीस तास तो ते जपून ठेवू शकतो. म्हणून एक दुकान साडेनऊला सुरू झालं, तर वाळपईचं संध्याकाळपर्यंत नाही. मी घाईघाईने टीटीएल 300 केला, पण जुनं उत्तर ज्यांच्याकडे आधीच होतं त्यांना त्याचा काय उपयोग!

दुपारी केप्याहून फोन आला, की आता पान उघडतंय पण ब्राउझर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो, पुढे जाऊ का? त्याला ओरडूनच थांबवलं. आमचा जुना पत्ता तोवर कुणा तिसऱ्याच्या मशीनला लागला होता. सर्टिफिकेट नसतं तर आमच्या दुकानदाराचा पासवर्ड त्या अनोळखी सर्व्हरवर गेला असता. आदल्या रात्री तसाच इशारा मी स्वतः ओलांडला होता, हे त्याला सांगितलं नाही.

अडलेल्या अकरा दुकानांत रिमोटवरून विंडोजच्या `hosts` फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला. बिलं निघू लागली, आणि खरी चूक आम्ही तिथे केली.

तीन दिवसांनी, गर्दी जरा ओसरल्यावर, भाऊ म्हणाला, "आता कायमचा पत्ता घेऊन टाकू." ॲमेझॉनकडे त्याला इलॅस्टिक आयपी म्हणतात. घेणं अगदी सोपं:

```
aws ec2 allocate-address --domain vpc
aws ec2 associate-address \
  --instance-id i-xxxx --allocation-id eipalloc-xxxx
```

दुसऱ्या आज्ञेनंतर इलॅस्टिक पत्ता मशीनला लागतो आणि आधीचा उसना पत्ता त्याच क्षणी सुटतो. तोच पत्ता आम्ही अकरा `hosts` फाइलींत कोरून ठेवला होता! टीटीएल आता पाच मिनिटांचा असल्याने बाकीची दुकानं लगेच नव्या पत्त्यावर आली. ही अकरा मात्र पुन्हा बंद, कारण `hosts` मधली ओळ डीएनएसला विचारूच देत नाही. नऊ वहीत लिहिलेली होती, दोन फोन आल्यावर आठवली.

क्रम उलटा हवा होता. पहिल्याच सकाळी इलॅस्टिक आयपी घेऊन तोच ए-रेकॉर्डमध्ये आणि तोच `hosts` मध्ये घातला असता, तर पत्ता एकदाच बदलला असता. ईसीटूवर आपोआप मिळालेला पत्ता कायमचा करून घेता येत नाही, एकदा बदल सोसावाच लागतो. गुगलच्या क्लाउडवर चालू पत्ताच स्टॅटिक करून घेता येतो, ती सोय इथे नाही. बदल ठरवून करायचा तर आदल्या दिवशी टीटीएल 300 करायचा, जुना टीटीएल पूर्ण संपू द्यायचा, मग रात्री पत्ता जोडून लगेच ए-रेकॉर्ड बदलायचा.

आणखी एक गोष्ट आठवड्याने उघडकीस आली. ग्राहकांना बिलाचे एसएमएस जात नव्हते. एसएमएसवाल्यांनी आमचा पहिला पत्ताच परवानगीच्या यादीत ठेवला होता, आणि मशीन बाहेर बोलतं तेही त्याच पब्लिक पत्त्याने. आमच्या प्रोग्रॅमने नकार मुकाट्याने गिळला होता.

पैशांचं म्हणाल तर कायमचा पत्ता टाळण्यात बचत नाही. 1 फेब्रुवारी 2024 पासून ॲमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला तासाला 0.005 डॉलर घेते, उसना असो वा इलॅस्टिक. तीस दिवसांचे 3.60 डॉलर. फरक मशीन बंद असताना पडतो: उसना पत्ता परत गेलेला असतो, इलॅस्टिकचं मीटर मात्र चालूच राहतं.

पुढे नव्या उबुंटूसाठी दुसरं मशीन उभं केलं, तेव्हा हाच पत्ता जुन्यावरून काढून नव्याला जोडला. ए-रेकॉर्डला हात लावला नाही, दुकानांत कुणाला काही कळलं नाही. जुनं मशीनही आम्ही टर्मिनेट केलं. मात्र त्या नव्या मशीनच्या चाचणीसाठी घेतलेला दुसरा इलॅस्टिक आयपी सोडायचा राहून गेला. मशीन टर्मिनेट केलं तरी पत्ता आपल्या नावावरच राहतो, तो वेगळा रिलीज करावा लागतो. भावाला तो चार महिन्यांनी बिलात सापडला.