हात धरू नका, हात द्या

आज सत्कार सोहळ्याआधी वीस स्वयंसेवकांना गेटवर गोळा करून सगळं समजावलं. नमस्कार करून 'या, बसा' सगळ्यांनाच जमतं. खरा वेळ गेला तो जिन्यावर. आजोबांचा दंड पकडून ओढलं की त्यांचा तोल जातो. आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतील. उतरताना आपण एक पायरी खाली, म्हणजे पाय घसरलाच तर आधाराला समोर असतो.

नंतर एक काका राखीव खुर्चीवरून भडकलेच. आमच्यातल्या एका मुलीने त्यांना मध्ये तोडलं नाही. बाजूला नेलं, पाणी दिलं. "काका, पाच मिनिटांत मी स्वतः येऊन सांगते." चौथ्या मिनिटाला खुर्ची घेऊन हजर! मला अगदी भरून आलं.