फॉर्ममध्ये नाव टाकण्याआधी: शिफारसपत्रांचा माझा अनुभव

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मी अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पीएचडी प्रवेशाचा फॉर्म भरत होते. शिफारसपत्र देणाऱ्या तिघांची माहिती भरायचं पान आलं. पहिल्या रकान्यात मी आमच्या विभागप्रमुखांचं नाव, हुद्दा आणि ई-मेल टाकला आणि 'सेव्ह' दाबलं. बाकीचे दोघं उद्या बघू म्हणून झोपले. सकाळी साडेनऊला सरांचा फोन आला. "अगं, मला रात्री परदेशातून कसलीशी लिंक आली आहे, माझी माहिती मागताहेत. तुझं नाव आहे त्यात. हे खरं आहे का फसवणूक?"

मला वाटलं होतं, पूर्ण फॉर्म सबमिट केल्यावरच पत्रं मागवतील. काही विद्यापीठांचे फॉर्म तसेच असतात. पण काहींत नाव सेव्ह केल्याक्षणी त्या माणसाला आपोआप मेल जातो, आणि माझा फॉर्म नेमका तसला निघाला. मी सरांची माफी मागितली, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एक वाक्य बोलले, ज्यामुळे माझी पुढची सगळी निवड बदलली. "मी तुला ओळखतो, पण तुझ्याबद्दल नेमकं काय लिहू, सांग बरं."

मला सांगता येईना. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दोन वर्षांत त्यांनी आम्हाला एक पेपर शिकवला होता, वर्गात आम्ही चाळीस जण. त्यांनी माझं एकही काम जवळून पाहिलेलं नव्हतं. मी त्यांचं नाव टाकलं ते फक्त हुद्दा मोठा म्हणून.

त्यांनी ती लिंक उघडून मला दाखवली, ते फार बरं झालं. पत्र अपलोड करण्याआधी तिथे एक तक्ता भरायचा होता. विद्यार्थ्याची संशोधनाची कुवत, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी, इतरांशी जुळवून घेणं, अशा प्रत्येक ओळीपुढे पर्याय होते: आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांत वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पंचवीस टक्क्यांत, आणि शेवटी 'सांगता येत नाही'. सर प्रामाणिक माणूस. संशोधन आणि स्वतंत्र काम या दोन्ही ओळींपुढे त्यांना शेवटचाच पर्याय निवडावा लागला असता. पीएचडीच्या अर्जात नेमक्या त्याच ओळी रिकाम्या राहिल्या, तर पत्राखालच्या सहीला कितीही मान असो, उपयोग काय? फॉर्म अजून सबमिट झाला नव्हता, म्हणून नाव बदलता आलं. सरांना सांगूनच बदललं.

मग मी कागदावर लिहून काढलं, गेल्या चार वर्षांत माझं काम चुकताना आणि दुरुस्त होताना कुणी पाहिलं? तीन नावं निघाली. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम, वाळूजच्या औषध कंपनीतले माझे पहिले वरिष्ठ, आणि आम्हाला बायोकेमिस्ट्री शिकवणारे तासिका तत्त्वावरचे सर. या शेवटच्या नावाला घरातून आणि मैत्रिणींकडून विरोध झाला. कायम नोकरी नाही, नावापुढे डॉक्टर नाही. पण दुसऱ्या वर्षात दर शनिवारी एक शोधनिबंध वाचून त्याच्यावर बोलायचा उपक्रम त्यांनीच चालवला होता आणि माझी अकरा भाषणं त्यांनी ऐकली होती. मी न समजलेली आकृती समजल्यासारखी पुढे ढकलली की ते तिथेच थांबवायचे. माझ्या वाचनाबद्दल बोलू शकणारा दुसरा माणूस नव्हता.

तिघांनाही नाव टाकण्याआधी फोन केला आणि एकच प्रश्न तसाच विचारला: "माझं काम तुम्हाला इतकं आठवतं का, की त्याबद्दल चांगलं आणि ठोस लिहिता येईल? नसेल तर मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही." "शिफारसपत्र द्याल का" असं विचारलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. संकोचाने हो म्हणतात आणि मग चार ओळींचं पत्र येतं. नाही म्हणायला वाट ठेवली की खरं उत्तर मिळतं.

होकार आल्यावर लगेच दुसरी गोष्ट सांगितली ती संख्येची. मी पाच विद्यापीठांत अर्ज करत होते. म्हणजे प्रत्येकाला पाच वेगवेगळे मेल येणार, पाच वेळा लॉगिन, पाच वेळा तो तक्ता. पत्र एकच चालतं, पण त्यात एका विद्यापीठाचं नाव राहून गेलं आणि ते दुसरीकडे अपलोड झालं तर ओशाळवाणं होतं. म्हणून पत्रात विद्यापीठाचं नाव न घालता 'आपला अभ्यासक्रम' असं लिहावं, अशी विनंती केली. मॅडम म्हणाल्या, "हे आधी सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर दुसरा मेल आल्यावर मला वाटलं असतं, पहिलंच परत आलंय."

मॅडमना भेटायला मी लातूरला गेले. बरोबर एक पान नेलं होतं. त्यावर माझे गुण नव्हते, ते गुणपत्रिकेत असतातच. त्यांच्यासमोर घडलेल्या गोष्टी तारखांसह लिहिल्या होत्या. माझा प्रबंध सोयाबीनच्या शेतातल्या मातीतून स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे करण्यावर होता. पिकोव्हस्काया माध्यमाच्या प्लेटवर असा जिवाणू वाढला की वसाहतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय दिसतं. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांत प्लेटवर बुरशी आली आणि वलयं मोजता येईनात. तिसऱ्या फेरीआधी मी मातीचं द्रावण जास्त पातळ केलं, माध्यमात बुरशीरोधक घातलं आणि प्रत्येक नमुन्याच्या तीन-तीन प्लेट लावल्या. हे सगळं मॅडमना आठवत होतं, पण धूसर. मी माझी प्रयोगवही पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तू मला न विचारता केलं होतंस. मी रागावले होते, आणि तुझंच बरोबर निघालं." ते माझ्या कागदावर नव्हतं. पुढे त्यांनी पत्रात तेच लिहिलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

कंपनीतल्या सरांचं प्रकरण वेगळं होतं. आमच्या कंपनीचं मनुष्यबळ खातं लेखी फक्त एवढंच देत असे: अमुक तारखेपासून अमुक हुद्द्यावर काम केलं. प्रवेशासाठी त्याचा उपयोग नाही. आणि माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांना मी नोकरी सोडायच्या विचारात आहे, हे कळायला नको होतं. म्हणून मी आधीच्या वरिष्ठांना विचारलं, जे वर्षभरापूर्वी दुसऱ्या कंपनीत गेले होते. फॉर्ममध्ये त्यांची संस्था आणि ई-मेल त्यांच्या नव्या कंपनीचा टाकला, आणि माझ्याशी नातं या रकान्यात 'माजी वरिष्ठ', सोबत काळ. ही विसंगती का दिसते, हे त्यांनाही सांगून ठेवलं, म्हणजे पत्राची पहिली ओळ आणि फॉर्म जुळतील. शिवाय माझ्या आत्ताच्या कंपनीत कुणाकडे विषय काढू नका, असं स्पष्ट सांगितलं. हे गृहीत धरू नये. आपल्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात.

त्यांना मी एकच प्रसंग आठवून दिला. एका रविवारी इनक्युबेटरच्या तापमानाची दुपारची नोंद माझ्याकडून राहिली. सोमवारी सकाळी मी अंदाजाने आकडा न भरता स्वतः जाऊन सांगितलं, आणि त्यावर रीतसर विचलनाचा अहवाल झाला. मला वाटत होतं, चूक कशाला आठवून द्यावी? सर म्हणाले, "हेच लिहितो. प्रयोगशाळेत मला असंच माणूस हवं असतं."

तिघांना हेही सांगितलं की बाकीचे दोघं कशावर लिहिणार आहेत. मॅडम संशोधनावर, कंपनीतले सर नोंदी आणि शिस्तीवर, बायोकेमिस्ट्रीचे सर वाचन आणि मांडणीवर. नाहीतर तिन्ही पत्रांत 'मेहनती आणि नम्र' येतं.

बायोकेमिस्ट्रीच्या सरांनी मात्र सुरुवातीला आपल्याकडचं नेहमीचं उत्तर दिलं: "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांना इंग्रजीची धास्ती होती, बाकी काही नाही. पण ते पत्र त्यांचं आहे असं म्हणून जाणार, आणि मी लिहिलं तर ते खोटं ठरणार. शिवाय अर्जातला माझा निबंध आणि ते पत्र एकाच हाताचं वाचताक्षणी कळलं असतं. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही मराठीत बोला, तुम्हाला काय आठवतं ते." ते वीस मिनिटं बोलले, स्वतःच टिपून घेतलं आणि दोन दिवसांनी साध्या, छोट्या वाक्यांत स्वतः इंग्रजी पत्र लिहिलं. मी ते पाहिलं नाही. फॉर्ममध्ये पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न असतो. अमेरिकेतल्या १९७४ च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघता येतात, त्यातून हा प्रश्न आलेला आहे. मी 'सोडते' निवडलं आणि तिघांना तसं कळवलं, म्हणजे त्यांना मोकळेपणाने लिहिता यावं.

या सरांकडे महाविद्यालयाचा ई-मेल नव्हता. जीमेलचा पत्ता दिला तर चालेल का, हे मी पाचही ठिकाणी मेल करून विचारलं. चौघांनी चालेल म्हटलं, पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर असावं एवढी अट. पाचव्याने अधिकृत पत्ताच हवा म्हटल्यावर प्राचार्यांच्या कार्यालयाने सरांना पत्ता काढून दिला. त्याला नऊ दिवस लागले.

तारखांबद्दल एक सांगते. माझी पहिली मुदत १ डिसेंबर, रात्री ११:५९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ. आपल्याकडे ती २ डिसेंबरची सकाळ, १०:२९. मी तिघांनाही हे गणित दिलं नाही, फक्त २४ नोव्हेंबर ही तारीख दिली. ज्या दिवशी लिंक पाठवली, त्या संध्याकाळी फोन करून विचारलं, "पोचली का?" मॅडमच्या पाचपैकी दोन स्पॅममध्ये सापडल्या. आठवण एकदाच केली, १९ तारखेला.

२६ नोव्हेंबरला फॉर्मवरच्या तीन ओळींपैकी दोनपुढे 'मिळाले' असं दिसत होतं. तिसरी बायोकेमिस्ट्रीच्या सरांची, त्या पाचव्या विद्यापीठाची. त्यांच्या नव्या पत्त्याचा पासवर्ड चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, आम्ही मिळून कार्यालयात फोन लावला, पासवर्ड बदलला आणि लिंक पुन्हा पाठवली. पत्र अपलोड करताना मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. दहा मिनिटांनी सर दारात आले आणि म्हणाले, "झालं बघ." मी फोनवर पान पुन्हा उघडलं. तिन्ही ओळी भरल्या होत्या.

मार्चमध्ये दोन ठिकाणांहून प्रवेश आला. पहिले फोन त्या तिघांना केले आणि चौथा विभागप्रमुख सरांना.