ट्यूब सोडल्यानंतरचे पंधरा दिवस

“ताई, ती ट्यूब लावली की तोंडाभोवतीचं पुरळ दोन दिवसांत बसतं, सोडली की दुप्पट येतं. मग सोडायची तरी कशी?”

सोडायची, आणि दुप्पट येऊ द्यायचं. ऐकायला वाईट वाटतं, पण मी स्वतः त्यातून गेले आहे, म्हणून सांगते.

परभणीत आमचं मेडिकल आहे. डी. फार्म. झालेली मी, रोज काउंटरला बसते. तीन वर्षांपूर्वी थंडीत नाकाच्या बाजूला थोडी लाली आली, कातडी सुटायला लागली. हाताशी शेल्फ होतं. गजकर्णाला लोक नेतात ती तिहेरी ट्यूब घेतली. त्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि बीटामेथासोन हे स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी लाली गायब. पंधरा दिवसांनी हनुवटीवर चार पुटकुळ्या आल्या, त्यांनाही तीच ट्यूब. पुढचे पाच महिने हेच चाललं. १५ ग्रॅमच्या चार ट्यूबा संपवल्या. गिऱ्हाईकाला मी एवढ्या दिल्या असत्या का, हे मला विचारू नका.

उन्हाळ्यापर्यंत तोंडाभोवती रव्याचे दाणे चिकटवावेत तशा बारीक, एकसारख्या पुटकुळ्या झाल्या. काहींच्या टोकाला पू. खाज फार नाही, पण आग व्हायची. भाकरीबरोबर ठेचा खाल्ला आणि बोट ओठाखाली लागलं तर डोळ्यात पाणी. मला वाटलं, पस्तिशीत तारुण्यपीटिका कामून आल्या असतील? आरशात नीट पाहिलं असतं तर दोन गोष्टी दिसल्या असत्या. पीटिकांमध्ये असतात ते काळे ठिपके एकही नव्हते. आणि ओठाच्या कडेला लागून काही मिलिमीटरची स्वच्छ पट्टी होती, जणू कुणी रेघ मारून पुरळाला तिथंच थांबवलंय. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी बोटानं ती पट्टीच दाखवली आणि विचारलं, “कोणतं क्रीम लावता?” मी ट्यूबचं नाव सांगितलं तेव्हा त्या हसल्यासुद्धा नाहीत. पेरिओरल डर्मटायटिस, म्हणजे तोंडाभोवतीच्या कातडीचा दाह, म्हणाल्या.

ट्यूब लावल्यावर बरं का वाटतं, ते एकदा कळलं की सोडणं सोपं जातं. स्टेरॉइड कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि सूज आणणारी यंत्रणा गप्प करतं, म्हणून लाली जाते. पण त्याच वेळी ते कातडी पातळ करत असतं आणि तिचं वरचं आवरण विरवत असतं. पुटकुळ्यांचं मूळ तसंच राहतं, फक्त दिसत नाही. ट्यूब थांबली की आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल होतात आणि दाबून ठेवलेली सूज सगळी वर येते. आपल्याला वाटतं, बघा, ट्यूबशिवाय भागत नाही. त्यात ही चेहऱ्याची कातडी. हायड्रोकॉर्टिसोनवर फार पूर्वी झालेल्या एका प्रयोगात हाताच्या मानानं कपाळातून सहापट आणि जबड्याच्या कातडीतून तेरापट औषध आत गेलेलं आढळलं. म्हणजे मांडीवरच्या गजकर्णाचा हिशोब हनुवटीला लावायचाच नाही.

मॅडमनी ट्यूब बंद केली आणि तिच्याबरोबर सगळंच बंद केलं. फेसवॉश, रात्रीचं जाड क्रीम, बेसन-हळद, फाउंडेशन. तोंड कोमट पाण्यानं धुवायचं, टिपून घ्यायचं, बस. पोटात डॉक्सीसायक्लिन आणि वरून मेट्रोनिडाझोलचं जेल, पातळ थर. “पहिले दहा-बारा दिवस तुम्ही मला शिव्या द्याल,” असंही बजावलं.

तिसऱ्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा झाला, पाण्यानंही झोंबायचं. पाचव्या दिवशी पुरळ नाकाच्या कडेनं वर चढलं. सहाव्या रात्री सासूबाईंना राहवलं नाही. “उष्णता हाय ती, साजूक तूप लाव,” म्हणत त्यांनीच बोटावर घेऊन हनुवटीला चोळलं. आठव्या दिवशी सकाळी खिडकीपाशी उभी राहून फोटो काढला, तो आजही मोबाइलमध्ये आहे: हनुवटी लालभडक, सुजलेली, पुटकुळीला पुटकुळी लागलेली. सगळा दोष तुपाचा नव्हता, आठवा दिवस तसाही वाईटच जाणार होता. पण या दुखण्यात तुपासारखा जाड लेप कातडी झाकून टाकतो आणि भर घालतो.

त्याच दिवशी दुपारी मी काउंटरखालून तीच ट्यूब काढली होती, टोपणही उघडलं होतं. बहुतेक जण इथंच घसरतात. एकदा लावली की दोन दिवस आराम पडतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात. मी टोपण लावलं आणि गार पाण्याची ओली मऊ पट्टी दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवली. आग तेवढ्यानं उतरली.

बाराव्या दिवसानंतर नवीन पुटकुळ्या येणं थांबलं. हीच खूण धरायची. लाली किती आहे ते बघू नका, ती शेवटी जाते. नवीन दाणे येतात का ते बघा. चौथ्या आठवड्यात दाणे सपाट झाले, आठव्या आठवड्यात गोळी बंद झाली. लालसर छटा पुढेही तीनेक महिने रेंगाळली, कारण कातडीला तिचं आवरण पुन्हा बांधायला वेळ लागतो. सगळं पूर्वीसारखं झालं असंही नाही. डाव्या नाकपुडीजवळ एक बारीक लाल शीर उमटली आहे, ती तशीच आहे.

आता माझ्या काउंटरवरून दोन-तीन गोष्टी. डॉक्सीसायक्लिन मनानं घेऊ नका. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, त्यांना दुसरं औषध असतं. ज्यांना दिलंय त्यांनी ते जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावं, लगेच आडवं होऊ नये, नाहीतर घशाखाली जळतं. आणि त्यानं ऊन बाधतं. आपल्याकडच्या एप्रिलात दुपारी स्कूटीवर जायचं तर सुती ओढणी सैल बांधा, तोंडावर आवळू नका.

क्लोबेटासोलसारखं जालीम स्टेरॉइड कित्येक महिने लावलेलं असेल तर काही डॉक्टर एकदम न तोडता सौम्य हायड्रोकॉर्टिसोनवर आणून मग थांबवतात. ते त्यांनाच ठरवू द्या. दम्याचा पंप घेणाऱ्यांनाही स्टेरॉइडमुळे हे पुरळ येऊ शकतं, पण म्हणून पंप बंद करायचा नाही. पंपानंतर चूळ भरा, तोंड धुवा आणि डॉक्टरांना सांगा.

ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. वांगाच्या डागांवरच्या आणि गोरं करणाऱ्या ट्यूबांतही असतं. अशी बरीच क्रीमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी माझ्याकडे रोज कुणीतरी मोकळी ट्यूब नाचवत “हीच द्या” म्हणत येतंच. मी आठव्या दिवसाचा फोटो दाखवते, मग आठव्या आठवड्याचा.

सासूबाई तेव्हा शेजारी बसलेल्या असल्या तर दुसऱ्या फोटोकडे बोट करून सांगतात, “तुपानं गेलं बरं का ते.”